जानेवारीचं वर्ष, एप्रिलचं वर्ष

शुक्रवार, ४ जुलै २०२५. रुपये सहा लाख बारा हजार चारशे पन्नास.

लालबागच्या राजाध्यक्ष ट्रेडिंग कंपनीत कुशाबा परबांच्या नावापुढे हा आकडा छापून आला. पहिल्या तिमाहीचं त्यांचं टार्गेट अडतीस लाखांचं होतं. म्हणजे झालेलं काम शेकडा सोळा. कागद कॅथरीन मिस्किटाच्या प्रिंटरमधून बाहेर पडला तेव्हा तो अजून गरम होता. तिने कडा जुळवून तो फाइलला लावला आणि आत नेऊन दिला.

कंपनी दोरखंड, जाळी, कॅनव्हास आणि ताडपत्री विकायची. ताडपत्री कुशाबांकडे. चाळींच्या गच्च्या, कोळीवाड्यातल्या होड्या, मांडववाले, मूर्तींच्या कार्यशाळा, एवढं सगळं गिऱ्हाईक त्यांनी तीस वर्षं पायी फिरून जोडलं होतं. ताडपत्री एप्रिल ते जून या तीन महिन्यांत विकली जाते. एकदा ती छपरावर चढली की कुशाबांचा फोन थंड. दोरखंड आणि जाळी हितेंद्र सावेकडे. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे ठेकेदार आणि सरकारी खाती, त्यामुळे मार्च महिन्यात त्याला जेवायला फुरसत नसायची. वर्षाचा मंजूर पैसा मार्चअखेर खर्च झालाच पाहिजे, नाहीतर परत जातो. त्यामुळे वर्षभर झोपलेली खाती त्या महिन्यात खडबडून जागी होत.

या कंपनीत वर्षं दोन चालायची. घरचं वर्ष एप्रिल ते मार्च. पण भारी दोरखंड जिथून यायचा त्या परदेशी कारखान्याचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. त्यांना दर तिमाहीला विक्रीचा तक्ता पाठवावा लागे, आणि त्यांची पहिली तिमाही जानेवारीत सुरू होई. ऑफिसात सगळे सवयीने बोलायचे, ‘जानेवारीच्या वर्षाचं काय झालं?’, ‘एप्रिलच्या वर्षाचं बघू नंतर’. कागदाचा जमाना होता तेव्हा मोठे शेठ जानेवारीच्या फाइलला निळी नाडी लावत, एप्रिलच्या फाइलला लाल. हात आपोआप योग्य फाइलवर जाई. सगळं संगणकात गेलं आणि नाड्या कपाटात राहिल्या.

मोठे शेठ जूनमध्ये घरी बसले. डॉक्टरांनी जिना बंद केला होता. गादीवर मुलगा आला, वैभव. बत्तीस वर्षांचा, व्यवस्थापन शिकलेला, बोलायला सभ्य. त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं की यापुढे इन्सेंटिव्ह, बढती, मुदतवाढ सगळं आकड्यावर ठरेल. तोंड बघून काही नाही. त्यासाठी त्याला टार्गेट आणि प्रत्यक्ष विक्री शेजारी शेजारी हवी होती. बिलांचं काम पाहणाऱ्या बाहेरच्या सॉफ्टवेअर कंपनीने या रिपोर्टचे चाळीस हजार मागितले. कॅथरीन म्हणाली, “सर, मी देते करून. दोन दिवसांत.”

तिने दोन दिवसांत दिला.

“मॅडम, हे पक्कं ना?” वैभवने कागदावरून नजर न उचलता विचारलं होतं. “परब सोळा टक्के?”

“बिलांवरून येतं सर. कोणी हाताने भरत नाही. पक्कं.”

“आणि हितेंद्र सावे एकशे तेवीस. छत्तीस लाख ऐंशी हजार. बघा, म्हणूनच मला आकडे हवे होते. बाबांना परब म्हणजे कंपनीचा कणा वाटतात.”

कॅथरीनलाही आकडा खटकला होता. पण यंदा मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, लोकांनी जुन्यावरच भागवलं असेल, असं तिने मनाशी म्हटलं आणि दार ओढून घेतलं. सोमवारी सात तारखेला पगाराबरोबर, टार्गेट ओलांडलं म्हणून, हितेंद्रच्या खात्यात विक्रीच्या अर्ध्या टक्क्याने अठरा हजार चारशे रुपये इन्सेंटिव्ह जमा झाला.

मंगळवारी कुशाबांना आत बोलावलं. दहा मिनिटांनी ते बाहेर आले ते सरळ कॅथरीनच्या टेबलापाशी. उंच, काळेसावळे, खिशाला दोन पेनं. आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

“काय गो बाय, माझो हिशोब खंय गेलो?”

“काय झालं, कुशाबा?”

“सोळा टक्के म्हणता तो. माका!” एरवी ऑफिसात ते साफ बोलत, मालवणी बाहेर आली की समजायचं, माणूस दुखावलाय. “अगो, गोदामात जा, बघ. ताडपत्रीचं एक बंडल शिल्लक नाही. मग विकली कोणी, उंदरांनी?”

“गोदाम रिकामं आहे ते मेमध्ये माल कमी आला म्हणून, असं सर म्हणतात.”

“सरांना जून लागल्यावर ऑफिस दिसलं. तुला तर सत्तावीस वर्षं झाली ना इथे? तू काय म्हणतेस?”

कॅथरीनला ते लागलं. आणि लागलं की ती ताठ व्हायची. “मी काही म्हणत नाही. बिलं म्हणतात. तुम्ही ऑर्डर तोंडी घेता, बिल पंधरा दिवसांनी फाडता. ऑर्डर म्हणजे विक्री नव्हे. किती वेळा सांगितलं?”

“तीस वर्षांत एक ऑर्डर बुडाली असेल तर दाखव.”

“मला दाखवून काय उपयोग? रिपोर्टात जे आहे ते आहे.”

कुशाबा हळू म्हणाले, “शुक्रवारी तीन वाजता बोलावलंय. एकतीस तारखेला अठ्ठावन्न पूर्ण होतात. मोठ्या शेठनी दोन वर्षं वाढवून देतो म्हणून शब्द दिला होता. हा म्हणतो, शब्द कागदावर नाही आणि कागद तर सोळा टक्के सांगतो. माझी मेघना नर्सिंगला आहे, माहीत आहे ना तुला? दोन वर्षं राहिलीत तिची. तेवढीच दोन मागत होतो.”

आणि ते छत्री उचलून वरळीकडे, बीडीडी चाळीतल्या आपल्या घरी निघून गेले. वसुलीला जायचं होतं, गेले नाहीत.

कॅथरीनने त्या दिवशी पुन्हा बेरीज तपासली. तिची ही जुनी सवय. ती खोताच्या वाडीत वाढली. वडील गोदीत टॅली क्लार्क होते आणि जहाजातून उतरलेली पोती दोनदा मोजायचे, एकदा चढत्या आणि एकदा उतरत्या क्रमाने. मुलीने बी.कॉम. केलं, गिरगावातल्या क्लासमध्ये टायपिंग शिकली आणि १९९८ साली इथे टायपिस्ट म्हणून लागली. ऑफिसात पहिला संगणक आला तेव्हा त्याला हात लावायला कोणी तयार होईना. ही चर्चमधल्या रविवारच्या मिसानंतर पुस्तक घेऊन बसायची आणि सोमवारी येऊन करून बघायची. ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं की जुनं विसरून नवं शिकायची. असं पाच वेळा झालं. तिचं लग्न झालं, नवरा कॉलिन बोटीवर जाऊन पोटाचं दुखणं घेऊन परतला, मुलगी केझिया शिकून बंगळूरला गेली. या सगळ्यात राजाध्यक्ष कंपनीची बिलं एक दिवस थांबली नाहीत. डेटाबेसला प्रश्न विचारायची ती ओळ, क्वेरी म्हणतात तिला, ती कॅथरीन स्वतः लिहायची. लिहिली की आलेली बेरीज कॅल्क्युलेटरवर एकदा करायची, आणि मगच कागद हातावेगळा करायची.

बेरीज बरोबर आली. सहा लाख बारा हजार चारशे पन्नास. पै न पै.

तरी बुधवार, गुरुवार तिला जेवण गोड लागलं नाही. कुशाबा दोन दिवस ऑफिसात आले नाहीत. वैभवने मात्र तिला एकदा बोलावलं आणि सहज सांगितलं, “मॅडम, तुमचा रिपोर्ट असाच चालला तर बाहेरच्या कंपनीचं वार्षिक काम बंद करू. नाही जमलं तर उलटं.” उलटं म्हणजे काय हे त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी साडेअकराला कुशाबा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी गुळगुळीत. समारंभाला आल्यासारखे. त्यांनी टेबलावर एक गुलाबी कागद ठेवला.

“भांडायला नाही आलो. एवढं एक बिल शोधून दे. मग मी निघतो.”

बिलाची ग्राहकप्रत होती. परळच्या एका मांडववाल्याचं, १२ मे. तीन लाख अठ्ठेचाळीस हजार.

“त्याच्याकडून झेरॉक्स नाही, मूळ मागून आणलंय. तोंडी ऑर्डर म्हणालीस ना? हे बघ, फाडलेलं आहे. तुझाच शिक्का आहे.”

कॅथरीनने बिलाचा नंबर टाकला. क्षणात बिल पडद्यावर आलं. तारीख बरोबर, रक्कम बरोबर, विक्रेता: के. परब. म्हणजे बिल संगणकात होतं.

“आहे की,” ती म्हणाली. या एका बिलाच्या आजूबाजूला कुशाबांची आणखी निदान पन्नास बिलं दिसत होती.

“आहे ना? मग त्या सहा लाखांत हे तीन लाख अठ्ठेचाळीस धर, बाकी तीन महिन्यांत मी अडीच लाखांची ताडपत्री विकली का?”

तिने रिपोर्टची क्वेरी उघडली आणि बेरजेऐवजी ती बेरीज ज्या बिलांची होती त्यांची यादीच मागवली. यादी आली. लहान होती, एकोणीस ओळींची. मे महिन्याचं बिल त्यात नव्हतं. तिने वरची ओळ वाचली. ३ जानेवारी. खालची वाचली. २९ मार्च.

“अरे देवा,” ती म्हणाली.

“काय?”

“थांबा. बोलू नका.”

तिने क्वेरीतला तिमाहीचा आकडा एकाचा दोन केला. दुसरी तिमाही. घरच्या वर्षात ती सुरू होऊन आज अकरावा दिवस होता, आणि जुलैत कोणी ताडपत्री घेत नाही. पडद्यावर आलं: एक्केचाळीस लाख सत्तावीस हजार नऊशे.

दहा दिवसांत एक्केचाळीस लाख.

आता तिला सगळं एकदम दिसलं. वैभवने रिपोर्ट मागितला तेव्हा तिने कोऱ्या पानावर सुरुवात केली नव्हती. परदेशी कारखान्यासाठीची क्वेरी सहा वर्षं बिनचूक चालत होती. तीच तिने नक्कल केली, वरचं शीर्षक बदललं, टार्गेटचा तक्ता जोडला. त्या क्वेरीत बिलाच्या तारखेवरून वर्ष आणि तिमाही काढायला संगणकाचे तयार शब्द वापरलेले होते. आणि संगणकाला तिमाही एकच माहीत असते, भिंतीवरच्या कॅलेंडरची. जानेवारी ते मार्च एक, एप्रिल ते जून दोन. कारखान्याला तेच हवं होतं. टार्गेटच्या तक्त्यात मात्र ‘२०२५, पहिली’ म्हणजे एप्रिल ते जून २०२५. संगणकाने दोन्हीकडे ‘२०२५, पहिली’ पाहिली आणि निमूटपणे एकमेकांसमोर बसवली. हंगामाचं टार्गेट, आणि समोर जानेवारी ते मार्चची विक्री, जेव्हा ताडपत्रीला कोणी कुत्रं विचारत नाही. बेरीज बरोबरच होती. महिने चुकले होते.

“कुशाबा,” ती म्हणाली, “चूक माझी आहे.”

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला आणि सांगितलं. ते वाकून बघत राहिले. चष्मा कपाळावर सारला, पुन्हा खाली घेतला.

“म्हणजे एप्रिलचं वर्ष विचारलं, आणि हा मेला जानेवारीचं सांगतो?”

“हो.”

“आणि तू मला मंगळवारी ऑर्डर आणि विक्री शिकवत होतीस.”

“हो.”

ते खुर्ची ओढून बसले. संतापतील असं तिला वाटलं. त्यापेक्षा संतापले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, “तीन वाजता निवृत्तीचं पत्र देतो तो. टाइप करून ठेवलंय, मंगळवारी त्याच्या टेबलावर मी वाचलंय उलटं. माणसं पत्र मागे घेत नाहीत गो, कॅथरीन. एकदा हातात पडलं की पडलं.”

“तीनच्या आधी करते.”

“काय बोलतायत कॅथीमॅडम?” मागून आवाज आला. हितेंद्र होता, हातात हेल्मेट, चाळीशीचा, हसरा. पडद्यावर यादी उघडीच होती आणि तो काही आंधळा नव्हता. “जानेवारी? म्हणजे… माझे छत्तीस लाख पण मार्चचे?”

कॅथरीनने त्याच्याकडे पाहिलं. “तुझे एप्रिल ते जून किती, तुला माहीत नाही?”

“अंदाज होता.”

“किती?”

“चोवीस-पंचवीस.” तो हसला, पण ओठांनीच. “मला वाटलं साहेबांनी काहीतरी नवीन फॉर्म्युला लावला असेल. आपल्याला देतायत तर आपण कशाला विचारायचं? तुम्ही विचारता का पगार जास्त आला तर?”

“मी विचारतो,” कुशाबा म्हणाले.

“तुम्हाला कधी जास्त आलाय, काका?” हितेंद्र खुर्चीला टेकला आणि आवाज खाली आणला. “मॅडम, ऐका. मी त्यातून मुलाच्या क्लासचे भरले. परत मिळत नाहीत ते, पावतीवर लिहिलेलं असतं. आज शांत राहा. काकांचं काम साहेबांना तोंडी सांगून होतंय का बघू. पुढच्या रिपोर्टला गुपचूप दुरुस्त करा. तुमची पण लाज राहील. तो सॉफ्टवेअरवाला टपून बसलाय, माहीत आहे ना?”

माहीत होतं. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलंच नव्हतं असंही नाही. बावन्न वर्षांच्या बाईला, जी पाच सॉफ्टवेअरं पुस्तकं वाचून शिकली, तिला लालबागमध्ये दुसरी नोकरी कोण देणार? आणि कुशाबांचा आकडा एकट्याचा बदलता येत नव्हता. चूक प्रत्येक ओळीत होती. एक ओळ हलवली की सगळ्या हलणार, हितेंद्रचीसुद्धा.

“हितेंद्र, जा तू,” ती म्हणाली. “मला काम आहे.”

“कॅथीमॅडम…”

“जा म्हटलं ना रे!”

तो गेला. पावणेबारा झाले होते.

तिने आधी सोपा उपाय केला. तिमाहीचे आकडेच फिरवले: कॅलेंडरची दुसरी ती आपली पहिली, तिसरी ती दुसरी, चौथी ती तिसरी आणि पहिली ती चौथी. चालवून बघितलं. कुशाबा: एक्केचाळीस लाख सत्तावीस हजार नऊशे. टार्गेटच्या शेकडा एकशे आठ पूर्णांक सहा. कुशाबांनी मागून “बघ!” म्हणून टेबलावर थाप मारली. ती मात्र कागद काढणार तोच थांबली. खालच्या ओळीत २०२५-२६च्या चौथ्या तिमाहीत सहा लाख बारा हजार चारशे पन्नास दिसत होते. चौथी तिमाही म्हणजे पुढचा जानेवारी ते मार्च. अजून उजाडायची होती, आणि तिच्यात विक्री!

“आता काय?” कुशाबांनी विचारलं.

“तिमाही बदलली, वर्ष तेच राहिलं. यंदाचा मार्च हा गेल्या वर्षाचा शेवट. मी त्याला या वर्षाच्या शेवटी ढकललाय.”

“माझा आकडा तर बरोबर आला ना? दे छापून.”

“नाही. पुन्हा चुकीचा कागद माझ्या हातून आत जाणार नाही.”

मग तिने ते तुकडे पुसून टाकले आणि नीट विचार केला. प्रत्येक बिलाची तारीख आधी तीन महिने मागे सरकवायची, आणि त्या सरकवलेल्या तारखेवरून वर्ष आणि तिमाही दोन्ही काढायची. एप्रिल मागे सरकून जानेवारी होतो, म्हणजे पहिली तिमाही. यंदाचा मार्च मागे सरकून गेल्या डिसेंबरात जातो: वर्ष २०२४, तिमाही चौथी. एकाच सरकवण्यात दोन्ही जागेवर. पुढे नुसतं ‘२०२४’ न छापता ‘२०२४-२५’ छापायचं, म्हणजे वाचणाऱ्याला शंका राहायला नको. प्रत्येक तिमाहीच्या नावाखाली महिनेही लिहायचे.

हे झाल्यावर तिने बेरीज केली नाही. बेरजेने तिला एकदा फसवलं होतं. तिने एका कागदावर अडनिड्या जागच्या तारखा लिहिल्या, जिथे एक तिमाही संपते आणि दुसरी लागते: ३१ मार्च, १ एप्रिल, ३० जून, १ जुलै, ३० सप्टेंबर, १ ऑक्टोबर, ३१ डिसेंबर, १ जानेवारी. प्रत्येकीपुढे काय यायला हवं ते आधी पेनाने लिहिलं. मग एकेक तारीख क्वेरीतून काढली आणि समोर बरोबरची खूण करत गेली. कुशाबा तारीख वाचायचे, ती उत्तर सांगायची. आठही जुळल्या. शेवटी मांडववाल्याचं १२ मेचं बिल शोधलं. पहिली तिमाही, २०२५-२६. यादीत होतं.

हितेंद्रची ओळ तिने सर्वांत शेवटी वाचली. टार्गेट तीस लाख. विक्री चोवीस लाख तीस हजार. शेकडा एक्क्याऐंशी. इन्सेंटिव्ह शून्य.

तीनला पाच कमी असताना ती आत गेली. बोलावलं नव्हतं तरी गेली. वैभवसमोर पाकीट होतं, कुशाबांचं नाव लिहिलेलं. कुशाबा दारातच उभे राहिले.

“मॅडम, तुम्हाला नंतर भेटतो.”

“सर, ते पाकीट देण्याआधी हे बघा. चार तारखेचा रिपोर्ट चुकीचा होता. माझ्याकडून चुकला.”

वैभवने कागद घेतला. तिने सांगायला सुरुवात केली, कारखान्याची क्वेरी, जानेवारीचं वर्ष, टार्गेटचा तक्ता. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा कडक होत चालला होता.

“तुम्ही मला म्हणालात, पक्कं.”

“म्हणाले.”

“मी विचारलं होतं. त्या शब्दावर मी एका माणसाला पैसे दिले आणि दुसऱ्याला घरी पाठवत होतो. आणि आज तुम्ही दुसरा कागद आणता. हा पक्का कशावरून?”

“माझ्या शब्दावरून नको,” कॅथरीन म्हणाली. “हे आठ तारखांचं तपासणीचं पान. एप्रिल, मे, जूनचे जीएसटीचे कागद अकाउंट्समध्ये आहेत, ते माझ्या क्वेरीतून निघत नाहीत. तिन्ही महिन्यांची एकूण विक्री माझ्या एकूण आकड्याशी जुळते का, ते प्राचीकडून मागवून बघा. मी इथेच बसते.”

अकाउंट्समधली प्राची तीन विवरणपत्रं घेऊन आली. वैभवने स्वतः कॅल्क्युलेटर घेतला. कुशाबांनी खिशातलं एक पेन काढलं, पुन्हा ठेवलं. वैभवने एकदा बेरीज केली, ओठ आवळले, दुसऱ्यांदा केली.

“जुळतंय,” तो म्हणाला.

मग त्याने पाकीट उचललं. फाडेल असं वाटलं, पण त्याने ते खणात टाकून खण लावून घेतला. “परब, बसा. उभे का?”

“आता बसून काय करू, वैभवशेठ?”

“मुदतवाढीचं पत्र टाइप होईपर्यंत बसा. दोन वर्षं. इन्सेंटिव्ह वीस हजार सहाशे चाळीस, या पगारात.” त्याने कॅल्क्युलेटर बाजूला सारला. “मला गोदामात जाऊन बघता आलं असतं. तुम्ही सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं,” कुशाबा म्हणाले, आणि बसले.

“सावेचे अठरा हजार चारशे परत घ्यावे लागतील.”

“चूक माझी आहे सर,” कॅथरीन म्हणाली. “निम्मे माझ्या पगारातून कापा.”

“नाही. असं सुरू झालं तर उद्या कोणी चूक सांगणारच नाही.” त्याने कागदाच्या कोपऱ्यावर काहीतरी लिहिलं. “महिना तीन हजार कापू. आणि मॅडम, यापुढे तुमचा एकही रिपोर्ट प्राचीच्या सहीशिवाय माझ्याकडे येणार नाही.”

“ठीक आहे.”

“बाहेरच्या कंपनीचं मी ठरवलेलं नाही अजून.”

“ठीक आहे,” ती पुन्हा म्हणाली.

संध्याकाळी कुशाबा पत्र घेऊन तिच्या टेबलाशी आले. वाचून दाखवलं, तारखेसकट. मग म्हणाले, “मंगळवारचं मी विसरणार नाही हां.”

“विसरू नका.”

“आजचं पण नाही विसरणार. चल, चहा सांगतो.” चहा त्यांनी सांगितला, पैसे तिला देऊ दिले नाहीत.

हितेंद्र तिच्याशी बोलायचा बंद झाला. जाळीचं बिल हवं असेल तर प्राचीकडून निरोप पाठवायचा. सप्टेंबरमध्ये एकदा जिन्यात समोरासमोर आले तेव्हा मात्र थांबला. “कॅथीमॅडम, एक विचारू? तो क्लास मुलगा करतोय, आवडला त्याला. पण दर महिन्याला पगाराची स्लिप बघतो ना, तेव्हा तुमची आठवण येते.”

“येऊ दे,” ती म्हणाली. “मलाही तुझी येते.”

बाहेरच्या कंपनीचं काम ऑक्टोबरात निम्मं झालं. निम्मं कॅथरीनकडे राहिलं. जानेवारीच्या वर्षाचा तक्ता आणि एप्रिलच्या वर्षाचा तक्ता आता दोन वेगळ्या क्वेरींतून निघतात. नवा रिपोर्ट आला की ती आधी आठ तारखा घेऊन बसते, बेरीज नंतर करते.

जुलै ते डिसेंबर, सहा पगारांतून तीन-तीन हजार कापून अठरा हजार वसूल झाले. उरलेली रक्कम जानेवारीच्या पगारात कापायची राहून गेली. हितेंद्र सावे यांच्याकडून कंपनीला रुपये चारशे येणे आहे.